भिंतीवरची मगर: आर्ट हिस्टरीत घ्यायची की चुना फासायचा?

सायली_सुरसागर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इथे बडोद्यातच आर्ट हिस्टरीत मास्टर्स करते आहे. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

सेमिस्टरच्या निबंधासाठी रस्त्यावरची चित्रं हा विषय धरला आहे आणि त्यातही एकच भिंत. कारेलीबागेत नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत जुन्या बंगल्याच्या कंपाउंडवर काळ्या रंगात मगर काढलेली आहे. असेल सहाएक फूट लांब. सही नाही, तारीख नाही. ऑगस्ट २०२४च्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथे त्या भिंतीवर अजून मातकट रेघ दिसते. मगरीची पाठ बरोबर त्या रेघेला लागलेली आहे, डोळा आणि नाकपुड्या तेवढ्या रेघेच्या वर. म्हणजे आपण कोरड्या रस्त्यावर उभे आणि ती आपल्या छातीशी पोहतेय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नकळत मागे सरकले होते.

वर्गात विषय मांडला तर मतं दोन पडली. अर्धे म्हणाले, हा समाजशास्त्राचा विषय, आपल्याकडे कशाला. बाकीचे म्हणाले, परवानगी नसलेल्या चित्रावर निबंध म्हणजे गुन्ह्याला प्रमाणपत्र. तुम्हाला काय वाटतं? आणि दुसरं, निबंधात या भिंतीचा फोटो छापला तर काही अडचण येईल का?

बडोदेकर८२

फोटोची अजिबात चिंता नको. सार्वजनिक जागेत जे उघड्यावर आहे त्याचा फोटो कुणीही काढावा, कुठेही छापावा. कायद्यातच तशी सूट आहे. आणि बेकायदा काढलेल्या चित्राला कॉपीराइट नसतोच, त्यामुळे प्रश्नच मिटला.

अलका_अलकापुरी

बरं झालं धागा निघाला. आमच्या मागच्या भिंतीवर कुठल्याशा क्लासेसवाल्याने रातोरात भलामोठा नंबर रंगवून ठेवलाय. पुसला की पंधरा दिवसांत पुन्हा हजर. तक्रार कुठे करायची? कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावल्यापासून पिचकाऱ्या बंद झाल्या, पण हा क्लासवाला देवालाही घाबरत नाही.

सायली_सुरसागर

अलकाताई, धागा त्याबद्दल नाही हो :) पण तुमच्या टाइल्स निबंधात घेईन. भिंत कुणाची आणि तिच्यावर काय चालतं हे ठरवायचाच तो प्रकार आहे.

नंबरप्लेट

मी तीस वर्षं बोर्ड आणि गाड्यांचे नंबर रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून भिंती गेल्या. फोटो टाका, बघून सांगतो कसं केलंय ते.

सायली_सुरसागर

टाकलाय. जवळून पाहिलं तर दर सोळाएक इंचांवर अंगावर बारीक उभी रेघ दिसते, तिथे काळा रंग किंचित दाट आहे. पोटाखाली दोन ओघळ आहेत. आणि मगर जरा कलंडल्यासारखी वाटते. भिंतीच्या वरच्या कडेशी समांतर नाही, नाकाच्या बाजूला थोडी खाली गेलीय. त्या बाजूला वरून पावसाचं पाणी गळतं, म्हणून पुराची रेघही तिथे धुऊन गेली आहे.

नंबरप्लेट

मग हा छापा आहे, हाताने काढलेली नाही. उभ्या रेघा सांगतात की छापा एक्स-रेच्या फिल्मवर कापलाय. मोठी फिल्म चौदा बाय सतरा इंच येते. अशा पाच फिल्म टेपने जोडल्या की सहा फूट होतात, आणि जोडावर फट राहिली की तिथून रंग झिरपतो. आम्ही ट्रकचे नंबर असेच मारायचो. एक्स-रे पाण्याने फुगत नाही, धार सुटत नाही, पुठ्ठा दुसऱ्या वेळेलाच लोळागोळा होतो.

डोळ्याभोवती बघा, पांढरी पट्टी मधेच काळ्याला पूल बांधल्यासारखी जोडलेली आहे. ती ठेवावीच लागते, नाहीतर बुबुळाचा तुकडा सुटून खाली पडेल. हे ज्याला कळतं त्याने आधी पाचपन्नास छापे कापलेले असणार. ओघळ मात्र नवशिक्याचे. डबा भिंतीच्या फार जवळ धरला किंवा एका जागी थांबला. वीतभर लांब धरून हात चालता ठेवायचा, एक जाड थर मारण्यापेक्षा दोन पातळ. म्हणजे कापणारा एक आणि मारणारा दुसरा असावा असा माझा अंदाज.

कलंडली ती घाईमुळे. रात्री दोघांनी सहा फुटी छापा धरायचा, तिसऱ्याने रस्त्यावर लक्ष ठेवायचं. लेव्हल कोण बघतो?

सेवउसळ

थांबा थांबा. कारेलीबाग, नदीची बाजू, जुना बंगला, काळी मगर. ही आमची भिंत आहे!

कुणी काढली ठाऊक नाही. गेल्या वर्षी मी आठवडाभर पुण्याला गेलो होतो, आलो तर मॅडम विराजमान. दिवाळीआधी कंपाउंड रंगवायचं ठरलंय, रंगारी रविवारी येतोय. वाचून आता धास्तीच बसली. मी माझीच भिंत रंगवली तर उद्या कुणी माझ्यावरच केस करणार का?

पुण्याहून_परत

रंगवा बिनधास्त. कमाल आहे, माणसाने स्वतःच्या भिंतीला रंग द्यायला परवानगी मागायची? आधीच पुराने लोकांचं कंबरडं मोडलंय, त्यात हे कलाकार येऊन त्याची आठवण रंगवून जातात. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला विचारलं होतं का?

मांडवीचा_वकील

दोन्ही प्रश्न घेतो. कॉपीराइटच्या केसेस करतो, म्हणून जरा लांबेल.

बडोदेकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये सूट आहे खरी, पण ती कशाला ते नीट वाचा. सार्वजनिक जागी कायम असलेलं शिल्प, कारागिरीची वस्तू किंवा इमारत यांचा फोटो चालतो. चित्राचं नाव त्या उपकलमात नाही. गंमत अशी की सिनेमाच्या शूटिंगमध्ये भिंतीवरचं चित्र आलं तर वेगळी सूट आहे आणि तिच्यात सगळ्याच कलाकृती येतात. म्हणजे सुरसागरातल्या शंकराचा फोटो छापायला या कलमाचा आधार आहे, शेजारच्या भिंतीवरच्या चित्राचा छापायला नाही. मुंबईतल्या एका मोठ्या भित्तिचित्राचा एका विमा कंपनीने जाहिरातीसाठी वापर केला, तेव्हा २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती जाहिरात अंतरिम आदेशाने उतरवायला लावली. सायली, तुझा निबंध मात्र संशोधन आणि समीक्षा यांच्या सवलतीत बसतो, बिनधास्त छाप. पुढे टी-शर्ट काढलेस तर मला फोन कर.

बेकायदा चित्राला कॉपीराइट नाही असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही. चित्र काढलं त्या क्षणी हक्क तयार होतो, भिंत कुणाची यावर तो अवलंबून नाही. पण ज्याने मगर काढली त्याला हक्क मागायचा तर कोर्टात येऊन सांगावं लागेल, ‘हो, ती मीच काढली.’ त्याच वाक्याने तो न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान केल्याच्या आरोपात, स्वतःचं पाऊल ठेवतो. म्हणून अशा केसेस सहसा उभ्याच राहत नाहीत.

सेवउसळ, तुम्ही रंगवा. भिंत तुमची, परवानगी तुम्ही दिलेली नाही.

सेवउसळ

हुश्श.

सायली_सुरसागर

पण वकीलकाका, न्यूयॉर्कच्या ५पॉइंट्झच्या खटल्यात तर भिंतीच्या मालकालाच दंड झाला ना? तो कसा?

मांडवीचा_वकील

चांगलं विचारलंस, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या खटल्यात दडलंय.

क्वीन्समधली जुनी फॅक्टरी. मालकाने २००२ पासून जोनाथन कोहेन या ग्राफिटीवाल्याला भिंती सांभाळायला दिल्या होत्या. म्हणजे चित्रं सगळी परवानगीने काढलेली. कोहेन नमुने मागवून बघायचा, कुठली भिंत जास्त दिवस राहील आणि कुठली लवकर बदलेल हे ठरवायचा, नोंदी ठेवायचा. मालकाला तिथे टॉवर बांधायचे होते. कलाकार कोर्टात गेले, मनाईहुकूम मिळाला नाही, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत मालकाने सगळ्यावर पांढरा रंग मारला.

अमेरिकेत १९९०चा एक कायदा आहे. त्याखाली ‘मान्यताप्राप्त दर्जा’ची कलाकृती नष्ट करता येत नाही. इमारतीवरून काढता येण्यासारखं काम असेल तर कलाकाराला ९० दिवसांची नोटीस द्यायची. आता हा दर्जा मोजायचा कसा? तिथे आर्ट हिस्टरीवाल्यांना साक्षीला बोलावलं गेलं. कोहेनच्या निवडीची पद्धत, चित्रांवर झालेलं लेखन, कुठल्या वर्गात ती शिकवली गेली, हा सगळा पुरावा म्हणून आला. खटल्यात ४९ चित्रं होती, न्यायाधीशांनी त्यातली ४५ मान्य केली. प्रत्यक्ष नुकसान रुपयात, म्हणजे डॉलरात, सिद्ध झालंच नाही. पण मालकाने बांधकाम परवाना हातात यायच्या कितीतरी आधीच मुद्दाम रंग मारला, म्हणून कायद्यातली कमाल रक्कम लागली: प्रत्येकी दीड लाख, एकूण ६७.५ लाख डॉलर. निकाल २०१८चा, अपिलात २०२० मध्ये कायम. मालकाचं म्हणणं होतं की ही चित्रं मुळातच तात्पुरती. अपील कोर्ट म्हणालं, म्हणून काय झालं? ख्रिस्टो या कलाकाराच्या भगव्या कमानी सेंट्रल पार्कात २००५ मध्ये जेमतेम दोन आठवडे होत्या.

तेव्हा वर्गातल्या मित्रांना सांग, काय शिकवलं जातं आणि काय नाही याची किंमत तिथे डॉलरात ठरली.

बडोदेकर८२

फोटोचं मागे घेतो. पण आपल्याकडे असं काहीच नाही ना?

मांडवीचा_वकील

आहे. कॉपीराइट कायद्याचंच कलम ५७. त्यात ‘दर्जा’ची अटच नाही, कुणाच्याही कामाची मोडतोड झाली आणि त्याने नाव खराब झालं की झालं. अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं आणि गोदामात टाकलं, तुकडे हरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि वर ५ लाख भरपाई. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायाधीशांनी दिल्लीच्या प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स पाडला म्हणून आलेल्या वास्तुरचनाकाराला सांगितलं, इमारत पूर्ण पाडली तर डोळ्यासमोर विद्रूप असं काही उरतच नाही, मग नाव खराब कसं होणार? म्हणजे सोंड तोडली तर गुन्हा, अख्खा गणपती विसर्जित केला तर नाही. भित्तिचित्राला यातलं कुठलं लागू पडेल यावर वकील मंडळी अजून भांडतात. मीही.

जुनी_स्लाइड

मी पस्तीस वर्षं आर्ट हिस्टरी शिकवली, आता निवृत्त. ‘समाजशास्त्रात जा’ हे मीही पूर्वी म्हणाले असते, म्हणून लिहिते.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात एका खांबावर रंगवलेल्या बोधिसत्त्वाच्या अंगावर कोरलेलं आहे: जॉन स्मिथ, एप्रिल १८१९. शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी. विद्रूपीकरण म्हणून याहून वाईट उदाहरण सापडायचं नाही. आज कुणी केलं तर संरक्षित स्मारकांच्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि तरीही लेणी पुन्हा उजेडात कधी आली हे सांगताना आम्ही दरवर्षी त्याच ओरखड्याचा आधार घेतो. श्रीलंकेत सिगिरियाच्या भिंतीवर येणाऱ्याजाणाऱ्यांनी चित्रातल्या बायकांवर कविता खरडल्या. पुरातत्त्वज्ञ परणवितानांनी त्यातल्या ६८५ वाचून १९५६ मध्ये छापल्या, आणि जुन्या सिंहली भाषेचा तो मोठा ठेवा झाला. तेव्हा ‘परवानगी नव्हती’ ही अडचण आमच्या विषयाला कधीच नव्हती. दोनशे वर्षं थांबायची अट मात्र होती.

माझी खरी अडचण वेगळी आहे. वर्गात आम्ही दाखवतो काय? स्लाइड. पडद्यावर चौकटीत कापलेली प्रतिमा. न्यूयॉर्कच्या रंगवलेल्या आगगाड्या १९८९ पर्यंत संपल्या, उरले ते फोटो. हेन्री चॅलफंट फलाटावर उभा राहून एका डब्याचे चारपाच फोटो काढायचा आणि जोडून अख्खा डबा सरळ रेषेत दाखवायचा. अक्षरांचा अभ्यास करायला उत्तम. मार्था कूपर तीच गाडी पडक्या इमारतींमधून पुलावरून जाताना टिपायची, तिच्या फोटोत अक्षरं लहान आणि शहर मोठं. एकच वस्तू, दोन वेगळे इतिहास. फक्त पहिले फोटो शिकवले तर मुलांना वाटतं, ही गॅलरीतली चित्रं चुकून लोखंडावर काढली.

तुझी मगर मी नुसती कापून पडद्यावर दाखवली तर उरेल एक बऱ्यापैकी छापा. पुराची रेघ गेली की चित्र गेलं. म्हणून सायली, नोंद कर. रस्त्यापासून उंची, दोन्ही टोकांना. भिंतीची दिशा. समोर काय आहे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तर दिसते का. रंगाखाली काय आहे. आणि मालक काय म्हणाला. निबंध त्यावर उभा राहील, ‘ही कला आहे का’ या वादावर नाही.

पुण्याहून_परत

ताई, पटतंय, पण एक सांगा. तुम्ही निवडणार ती मगरच. अलकाताईंच्या भिंतीवरचा क्लासवाला पण तोच गुन्हा, तीच रात्र, तोच डबा. त्याच्यावर कुणी निबंध लिहीत नाही. मग शेवटी चांगलं चित्र आणि वाईट चित्र एवढंच झालं की, आणि ते ठरवणार फाइन आर्ट्सवाले.

जुनी_स्लाइड

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तांबेकर वाड्याची रंगवलेली भिंत आम्ही आनंदाने शिकवली, कारण दिवाणाच्या घरची होती. कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची शिकवली, कारण महाराजांनी बोलावलं होतं. क्लासवाल्याला कुणी बोलावलं नाही. मगरीलाही नाही.

नंबरप्लेट

क्लासवाल्याचा नंबर हाताने काढलाय की छाप्याने, ते कळलं तर मी सांगेन कोण पेंटर आहे :)

सायली_सुरसागर

सेवउसळकाका, रविवारच्या आधी एकदा येऊ का? टेप, शिडी सगळं माझं. मगरीच्या शेजारी पोपडे निघालेत तिथेही बघायचंय. मला वरून दिसलं ते असं: पांढरा डिस्टेंपर, खाली निळा, त्याखाली लाल रंगात ‘सा’ असं अर्धं अक्षर.

सेवउसळ

ते ‘साबण’ आहे. मी शाळेत असताना वडिलांनी भिंत जाहिरातीला दिली होती, वर्षाचे पैसे मिळायचे. त्यावर निवडणुकीत कुणी कमळ काढलं, कुणी पंजा. वडील चिडून निळा मारायचे. बघा, माझ्या भिंतीचा इतिहास मीच तुम्हाला सांगतोय.

शनिवारी सकाळी सातला या. कुत्रा बांधून ठेवतो. एक गोष्ट सांगतो, घरी भांडण झालंय. आई म्हणते मगर पुसा, रात्री फाटक लावताना भीती वाटते. पण पुराची रेघ पुसायची नाही, पुढच्या वेळी सामान किती वर ठेवायचं ते कळायला हवं. आता रंगाऱ्याला सांगू काय? रेघ ठेव आणि मगर काढ?

नंबरप्लेट

रेघ मातीची आहे, ब्रश लागला की गेली. वर पक्क्या रंगाने आखून घ्या. पण नाकाकडची रेघ तर आधीच धुतली गेलीय, तिथे अंदाजानेच मारावी लागेल. मगर कलंडलेली, तिचा भरवसा नाही.

मोजपट्टी (नवीन सभासद)

शेपटीपाशी रस्त्यापासून ४ फूट ८ इंच. नाकापाशी ४ फूट साडेसहा. रस्ता तिकडे चढतो आणि कंपाउंडची कड रस्त्याबरोबर चढते. पाणी चढत नाही. पाठ धरून आखा.

सेवउसळ

तुम्ही कोण?

सेवउसळ

शनिवारी सातला येताय का?